ग्रोथ हार्मोनची इंजेक्शने घेऊनही मूल वाढत नाही, तेव्हा

समजा, पेण किंवा रोह्याजवळच्या गावातल्या पाच वर्षांच्या मुलीची उंची तीन वर्षांच्या मुलाइतकीच आहे. जन्मावेळी तिची लांबी जवळपास ठीक होती, नंतर मात्र वाढ मंदावली. कपाळ पुढे आलेले आहे, चेहरा लहान आहे. ग्रोथ हार्मोनची इंजेक्शने सुरू होतात, पण सहा महिन्यांत फरक दिसत नाही. अशा वेळी पालकांनी डोस वाढवण्याचा आग्रह धरण्याआधी रक्ताचे दोन अहवाल शेजारी ठेवून पाहावेत.

ग्रोथ हार्मोन मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून येते, पण हाडे वाढवण्याचे बरेचसे काम आयजीएफ-१ हा दुसरा घटक करतो. ग्रोथ हार्मोन यकृतातल्या रिसेप्टरला चिकटले की तो तयार होतो. लॅरॉन सिंड्रोममध्ये हा रिसेप्टरच जन्मतः सदोष असतो. त्यामुळे रक्तात ग्रोथ हार्मोन भरपूर असते आणि आयजीएफ-१ अगदी कमी. कुलूपच बिघडले असेल तर आणखी किल्ल्या देऊन दार उघडत नाही. इस्रायलमधील डॉ. झ्वी लॅरॉन यांनी सहकाऱ्यांसह 1966 मध्ये या आजाराचे वर्णन केले.

कुपोषण आणि यकृताच्या आजारातही असेच आकडे येऊ शकतात, म्हणून आधी ते तपासावे लागते. मग काही दिवस ग्रोथ हार्मोन देऊन आयजीएफ-१ वाढतो का ते पाहतात. तो वाढला नाही, तर जनुक तपासणीने निदान पक्के होते. दोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो. ते स्वतः निरोगी असतात. मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न झाले असेल तर ही शक्यता वाढते. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात धोका चारात एक असतो.

उपचार म्हणजे आयजीएफ-१ थेट देणे. मेकासर्मिन हे औषध दिवसातून दोनदा त्वचेखाली टोचतात. ते रक्तातली साखर उतरवते, म्हणून जेवणाच्या आगेमागे वीस मिनिटांतच द्यायचे. मूल जेवले नाही तर तो डोस सोडायचा, पुढचा दुप्पट करायचा नाही. घाम, थरथर, गुंगी दिसली तर लगेच साखर द्या. सतत डोकेदुखी, उलट्या किंवा नव्याने घोरणे सुरू झाले तर डॉक्टरांना कळवा.

पहिल्या वर्षी वाढ सर्वांत चांगली होते, पुढे वेग कमी होतो. उंची पूर्णपणे सरासरीइतकी होईल असे नाही, आणि हाडांची टोके जुळल्यावर उपयोग होत नाही. त्यामुळे निदानात गेलेली वर्षे परत मिळत नाहीत.

हे औषध महाग आहे आणि आपल्याकडे सहज मिळत नाही. मुंबईचे केईएम रुग्णालय राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखालील केंद्र आहे. दोन्ही अहवाल आणि वाढीच्या नोंदी घेऊन तिथे जा, आणि मदतीची पात्रता तिथेच विचारून घ्या.