भरतीमापक यंत्राने समुद्र आपला होत नाही

1/ दक्षिण चीन समुद्राच्या वादात चीनच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी मांडला जातो. स्प्रॅटली द्वीपसमूहातील फायरी क्रॉस खडकावर 1988 साली चीनने समुद्रपातळी मोजणारे केंद्र उभारले, ते युनेस्कोच्या योजनेनुसार. म्हणून त्या समुद्रावरील चीनचा हक्क जगानेच मान्य केला. यातील घटना खरी आहे, निष्कर्ष मात्र खोटा आहे.

2/ युनेस्कोच्या सागरविज्ञान आयोगाने 1987 साली जगभरच्या समुद्रपातळीच्या निरीक्षणाची योजना आखली आणि काही केंद्रांचे काम चीनकडे आले. त्यांतील एक स्प्रॅटलीत होते. फेब्रुवारी 1988 मध्ये फायरी क्रॉसवर बांधकाम सुरू झाले. 14 मार्चला जॉन्सन साउथ खडकावर चिनी नौदलाशी झालेल्या चकमकीत व्हिएतनामचे 64 जण मारले गेले. ऑगस्टमध्ये केंद्र पूर्ण झाले. आज त्याच खडकावर सुमारे 3000 मीटरची धावपट्टी आहे.

3/ निरीक्षणाची केंद्रे ठरविणारा आयोग सार्वभौमत्वाचा निवाडा देत नाही. तो अधिकारच त्याच्याकडे नाही. शिवाय 1982 च्या सागरी कायदा कराराचे कलम 241 निःसंदिग्ध आहे: वैज्ञानिक संशोधन हे समुद्राच्या कोणत्याही भागावरील दाव्याचा कायदेशीर आधार ठरू शकत नाही. संशोधनासाठी उभारलेल्या यंत्रणेला बेटाचा दर्जा नाही, हे कलम 259 सांगते.

4/ बचाव असा येतो की करार 1994 मध्ये अमलात आला, केंद्र मात्र 1988 चे. हे खरे आहे. पण मग करारपूर्व काळातील कोणत्या नियमाने भरतीमापक यंत्र मालकी बहाल करीत होते, ते दाखवावे लागेल. तसा नियम कोणी दाखवीत नाही.

5/ करारात संमतीची रीत अशी आहे. किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात परदेशी संशोधकांना किनारी राष्ट्राची संमती लागते. जहाज कुठे, केव्हा, कोणत्या पद्धतीने काम करणार, याचा तपशील सहा महिने आधी द्यावा लागतो. किनारी राष्ट्राच्या शास्त्रज्ञांना सहभागाचा हक्क असतो. मानवजातीचे ज्ञान वाढविणाऱ्या शांततामय संशोधनाला एरवी संमती द्यावी, असे कलम 246 म्हणते.

6/ याच कलमात काही अपवाद आहेत. प्रकल्पात कृत्रिम बेट किंवा बांधकाम उभारण्याचा अथवा वापरण्याचा भाग असेल, तर संमती नाकारता येते. पाण्याचे नमुने घेणारे जहाज निघून जाते. काँक्रीट तिथेच राहते. करार लिहिणाऱ्यांनी हा फरक ओळखला होता.

7/ फायरी क्रॉसचा थोडा भाग भरतीतही पाण्यावर राहतो, म्हणून त्याच्या मालकीचा प्रश्न वेगळा आहे. मिसचीफ रीफ या प्रवाळखडकाबाबत ती पळवाटही नाही. तो मुळात भरतीत पाण्याखाली जाणारा; फिलिपिन्सच्या पलावानपासून सुमारे 125 सागरी मैलांवर, चीनच्या हैनानपासून सुमारे 600. 1995 मध्ये चीनने तेथे ‘मच्छीमारांचे निवारे’ बांधले. 2015 मध्ये वाळू उपसून सुमारे साडेपाच चौरस किलोमीटरचे बेट केले. फिलिपिन्सची संमती कधीच घेतली नाही.

8/ 12 जुलै 2016 रोजी लवाद न्यायाधिकरणाने निकाल दिला: मिसचीफ रीफ फिलिपिन्सच्या आर्थिक क्षेत्रात आहे आणि संमतीविना केलेले बांधकाम हा कलम 60 चा भंग आहे. वाळू कितीही ओतली, तरी खडकाचा मूळ दर्जा बदलत नाही. अशा बेटाभोवती 12 सागरी मैलांचा प्रादेशिक समुद्र निर्माण होत नाही. किनारी राष्ट्राच्या संमतीने उभारलेल्या बांधकामाभोवतीही मिळतो तो साधारणपणे फार तर 500 मीटरचा सुरक्षापट्टा.

9/ हा नियम केवळ चीनसाठी नाही. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर ‘मुंबई हाय’चे तेल-मंच भारताच्याच आर्थिक क्षेत्रात उभे आहेत, तरीही त्यांच्याभोवती भारत प्रादेशिक समुद्र सांगत नाही. परकीयांच्या संशोधनावर परवान्याचे बंधन घालणारा भारताचा कायदा 1976 चा, म्हणजे करारापेक्षाही जुना आहे.

10/ चीनने निकाल फेटाळला. बेट आजही उभे आहे. म्हणून कायदा निरुपयोगी ठरला, असे म्हणणारे एक गोष्ट विसरतात: कब्जा आणि हक्क यांतला फरक पुसला गेला, की पुढचा प्रत्येक ‘निवारा’ आणि प्रत्येक ‘वेधशाळा’ ही सनद ठरेल. करारातच एक इशारा आहे. संशोधनाचा रीतसर तपशील हाती आल्यावर किनारी राष्ट्र चार महिने गप्प राहिले, तर संमती गृहीत धरली जाते. नकार द्यायचा असेल, तर तो वेळेत द्यावा लागतो.