मत एक, निकाल दोन : निवडणूक पद्धती आणि पक्षपद्धती

साधी बहुमत पद्धती आणि प्रमाणशीर प्रतिनिधित्व यांचे गुणदोष आपण या घटकात अभ्यासले आहेत. परीक्षेसाठी हे गुणदोष दोन स्तंभांत मांडता येतात. परंतु कोणती पद्धती पक्षांना कसे वळण देते, हे समजण्यासाठी प्रत्यक्ष आकडे हाती घ्यावे लागतात. त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. धाराशिव जिल्ह्यातील परंडा मतदारसंघापासूनच आरंभ करू.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत परंड्यात शिवसेना आणि राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) या पक्षांच्या उमेदवारांत लढत झाली. दोघांनाही एक लाखाहून अधिक मते मिळाली. निकाल लागला तो १,५०९ मतांच्या फरकाने. तिसऱ्या क्रमांकावरील उमेदवाराला या फरकाच्या कितीतरी पट मते होती. विजयी उमेदवार विधानसभेत गेला. पराभूत उमेदवाराच्या लाखभर मतांचे सभागृहातील वजन मात्र शून्य झाले. यात कोणताही गैरप्रकार नाही. सर्वाधिक मते मिळवणारा निवडून येतो आणि दुसऱ्याला काहीच मिळत नाही, हाच या पद्धतीचा नियम आहे.

एका मतदारसंघात हा नियम समजण्यासारखा वाटतो. तोच २८८ ठिकाणी लावला म्हणजे काय होते, ते पाहा. त्या निवडणुकीत राज्यभरात काँग्रेसला १२.४२ टक्के मते मिळाली आणि शिवसेनेला १२.३८ टक्के. मते जवळजवळ समान. जागा मात्र काँग्रेसला १६ आणि शिवसेनेला ५७. याच वर्षी काही महिने आधी झालेल्या लोकसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्षाला राज्यात २६.१८ टक्के मते मिळाली होती आणि ४८ पैकी ९ जागा. विधानसभेत मते झाली २६.७७ टक्के आणि जागा २८८ पैकी १३२. मतांत अर्ध्या टक्क्याचा फरक, परंतु जागांचा हिस्सा सुमारे १९ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर गेला. तेव्हा ही पद्धती एखाद्या विशिष्ट पक्षाचा पक्षपात करते, असे म्हणता येत नाही. कोठे, कोणाविरुद्ध आणि किती अंतराने मते पडली, यावर ती जागा वाटते. मतांची एकूण बेरीज तिच्या दृष्टीने गौण असते.

फ्रेंच अभ्यासक मॉरिस दुव्हर्जे यांनी १९५१ मध्ये यातूनच आपला प्रसिद्ध नियम मांडला. साध्या बहुमताची पद्धती द्विपक्षपद्धतीकडे नेते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यामागे त्यांनी दोन कारणे सांगितली. पहिले यांत्रिक : तिसऱ्या पक्षाला मतांच्या प्रमाणात जागा मिळत नाहीत. दुसरे मानसिक : आपले मत वाया जाईल या भीतीने मतदार आवडता, पण दुर्बळ उमेदवार सोडून पहिल्या दोघांपैकी एकाकडे वळतो.

आता आपल्या राज्याकडे पाहा. पद्धती तीच, पण २०२४ मध्ये नऊ टक्क्यांहून अधिक मते मिळवणारे तब्बल सहा पक्ष होते. मग नियम खोटा ठरला काय? माझ्या मते तो खोटा ठरला नाही. त्याची जागा बदलली. नियम मतदारसंघात काम करतो, राज्यात आपोआप करत नाही. परंड्यात लढत दोघांतच झाली, शेजारच्या मतदारसंघातही बहुधा दोघांतच होते. परंतु ते दोघे प्रत्येक ठिकाणी त्याच पक्षांचे नसतात. त्यामुळे पक्ष सहा राहतात आणि उमेदवार दोन. हे जुळवण्याचे साधन म्हणजे निवडणूकपूर्व आघाडी आणि जागावाटप.

येथेच माझा मुख्य आक्षेप आहे. साध्या बहुमताच्या बाजूने सर्वांत मोठा युक्तिवाद केला जातो तो स्थैर्याचा : पक्ष कमी, निवड स्पष्ट, सरकार टिकाऊ. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१९ ते जून २०२२ या काळात तीन मुख्यमंत्र्यांचे शपथविधी झाले, आणि २०२२ व २०२३ मध्ये दोन मोठे पक्ष फुटले. म्हणजे पक्ष कमी झाले नाहीत आणि स्थैर्यही हमखास मिळाले नाही. मात्र आपल्या मतदारसंघात कोणते चिन्ह दिसणार, हा निर्णय जागावाटपाच्या बैठकीत गेला. ज्याचा पक्ष आघाडीत आहे, पण जागा मित्रपक्षाला सुटली आहे, त्या मतदाराला स्वतःच्या पक्षाला मत देण्याची सोयच उरत नाही.

मग प्रमाणशीर पद्धती आणली तर? हिशेब करून पाहू. २०२४ च्या मतांनुसार २८८ जागा वाटल्या, तर काँग्रेस व शिवसेनेला प्रत्येकी सुमारे ३६ जागा येतात. महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांची मते ४८.१६ टक्के, त्यांना सुमारे १३९ जागा मिळतील, म्हणजे बहुमताच्या १४५ या आकड्याहून कमी. आता पाच टक्क्यांहून कमी मते असलेल्यांना जागा नाही, अशी किमान अट घाला. उरलेल्या सहा पक्षांत वाटप केले की त्याच तीन पक्षांना सुमारे १७० जागा येतात. पद्धती प्रमाणशीरच, मते तीच. पण एका अटीने त्रिशंकू सभागृहाचे बहुमत झाले. म्हणून ‘प्रमाणशीर पद्धती म्हणजे अस्थिरता’ हे विधान अपुरे आहे. किमान अट किती आणि एका मतदारसंघातून किती सदस्य निवडायचे, हे आधी विचारले पाहिजे.

हा हिशेब काटेकोर भाकीत नव्हे, हेही ध्यानात ठेवा. भाजपने २८८ पैकी १४९ जागाच लढवल्या होत्या, या सहांपैकी उरलेल्या पाच पक्षांनी त्याहूनही कमी. पद्धती बदलली की पक्ष सर्वत्र लढतील, मतदारही वेगळा विचार करतील. तेव्हा मतांचे आकडेच बदलतील.

संविधान सभेत जानेवारी १९४९ मध्ये प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची मागणी पुढे आली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साक्षरतेचा अभाव आणि स्थिर सरकारची गरज ही कारणे देऊन ती अमान्य केली. त्या काळी ही कारणे सबळ होती. आज साक्षरतेचे कारण बरेच क्षीण झाले आहे. राज्यसभेसाठी आपले आमदार एकल संक्रमणीय मतपद्धतीने मतदान करतातच. तरीही संपूर्ण यादी पद्धतीचा पुरस्कार मी करणार नाही. तीत परंड्याचा म्हणून कोणी आमदार राहणार नाही, आणि यादीतील क्रम ठरवणारे पक्षश्रेष्ठी आजच्याहूनही बलवान होतील.

मला मिश्र पद्धती अधिक ग्राह्य वाटते. न्यूझीलंडमध्ये १९८१ साली एका तिसऱ्या पक्षाला वीस टक्क्यांहून अधिक मते मिळूनही ९२ पैकी दोनच जागा मिळाल्या. १९९३ च्या सार्वमताने तेथे पद्धती बदलली आणि १९९६ पासून मतदार दोन मते देतो : एक स्थानिक उमेदवाराला, दुसरे पक्षाला. पक्षमतांच्या प्रमाणात जी तूट राहते, ती यादीतून भरली जाते. तेथे आघाडी सरकारे नेहमीची झाली, पण आघाडीतील प्रत्येक पक्षाचे बळ मतदारांनी मोजून दिलेले असते. भारताच्या विधी आयोगानेही १९९९ मधील १७० व्या अहवालात लोकसभेत यादीद्वारे भरावयाच्या अतिरिक्त जागांचा विचार मांडला होता.

माझे मत आपण स्वीकारलेच पाहिजे असे नाही. आपल्या जिल्ह्यातील एखाद्या निवडणुकीचे आकडे घ्या आणि वरील हिशेब आधी पाच टक्क्यांच्या अटीविना, मग अटीसह करा. दोन उत्तरांतील अंतर कोणाच्या वाट्याला गेले, हे पाहिले की या वादात आपली बाजू आपल्याला ठरवता येईल.