दुःखाची इस्त्री

शिष्यवृत्तीच्या निबंधाला मदत करणाऱ्या सुशिक्षितांचा एक वर्ग नागपुरात तयार झाला आहे. हेतू चांगला, परंतु रीत अशी, की घरातून पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेल्या मुलीचा निबंध त्यांच्या हातून परत येतो तेव्हा त्यात ती मुलगीच उरत नाही. या रीतीला आमचा विरोध आहे.

नमुन्यादाखल एक विद्यार्थिनी कल्पू. आई कळमना बाजारात संत्री निवडते. चेव्हनिंगच्या अर्जात नेतृत्वाविषयी प्रश्न असतो. तिने लिहिले, ‘मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे.’ वाक्य पोकळ आहे, हे खरेच. त्यावर मदतनीस काय करतो? ‘दारिद्र्याच्या अंधारातून झेपावलेली मी’ असे काहीतरी स्वतःच लिहून देतो. एका पोकळीच्या जागी दुसरी, अधिक चकचकीत!

वास्तविक येथे लेखणी खाली ठेवून विचारायला हवे : गेल्या वर्षभरात वस्तीतले कोण तुझ्याकडे कोणत्या कामासाठी आले? उत्तर तिच्याच बोलीत येऊ द्यावे आणि तसेच उतरवून घ्यावे. ‘दोन बायांचे फारम वापस आले. आधारवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं. मंग मीच सगळ्यांचे कागद पाह्यले.’ निबंध येथे सापडला. अर्ज का परतले, हे तिने ओळखले. पुढचे अर्ज भरण्याआधी दोन्ही कागद शेजारी ठेवून नावे ताडण्याचा नियम घातला. नंतर शेजारच्या दोन मुलींना तो शिकवला. याला नेतृत्व म्हणतात, हे तिला ठाऊक नव्हते. मदतनिसाने सांगायचे ते एवढेच. इंग्रजी वाक्ये तिनेच लिहावीत.

‘मग काहीच सुधारायचे नाही का?’ असा प्रतिप्रश्न येईल. सुधारायचे की! व्याकरणाच्या चुका तशाच ठेवणे म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे. तो गरिबीचा देखावा झाला. चुका दाखवाव्यात, क्रम बदलायला सुचवावे, पुनरुक्ती काढायला सांगावी. मात्र नवा प्रसंग, नवी भावना, नवी उपमा घालू नये. कसोटी सोपी आहे. निबंध तिला मोठ्याने वाचू द्यावा आणि प्रत्येक वाक्यावर ‘म्हणजे काय झाले?’ असे विचारावे. जिथे ती अडखळते, ते वाक्य बहुधा तिचे नाही. निवड झाल्यास पुढे मुलाखत असते, आणि तिथे मदतनीस शेजारी बसलेला नसतो.

आणखी एक. जात, वडिलांचे व्यसन, घरातली उपासमार यांतले काय सांगायचे, हे तिनेच ठरवावे. अर्जातल्या प्रश्नाला आवश्यक नसलेली जखम ‘परिणामकारक’ म्हणून उघडी करायला लावणे ही मदत नव्हे, वसुली आहे. डॉ. आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले ते अभ्यास करण्यासाठी, कणव मिळवण्यासाठी नव्हे. दीक्षाभूमीच्या या शहराने तरी हा फरक विसरू नये.