देवदूत, जिन्न आणि मुंजा एकच नव्हेत

मुलांना वेगवेगळ्या धर्मांची ओळख करून देताना एक वाक्य हमखास येते. देवदूत म्हणा, फरिश्ता म्हणा, जिन्न म्हणा की भूत म्हणा, सगळे एकच, नावे तेवढी वेगळी. याच्या उलट दुसरे मतही तितक्याच ठामपणे मांडले जाते, की असल्या गोष्टी मुलांपुढे काढूच नयेत, ही सगळी अंधश्रद्धा आहे. पहिल्या मतामागे सलोख्याची ओढ आहे, दुसऱ्यामागे विवेकाची. हेतू दोन्हीकडे चांगला आहे आणि तरीही दोन्ही मते चुकीची आहेत.

हा वाद येरवड्यात बसून करण्याला कारण आहे. इथे हिंदू, मुसलमान, बौद्ध आणि ख्रिस्ती घरांतली मुले एकाच बाकावर बसतात. डबा खाताना एक जण पिंपळावरच्या मुंजाची गोष्ट सांगतो, दुसरा जिन्नाची सांगतो, तिसरी आपल्या रक्षक देवदूताची प्रार्थना म्हणून दाखवते आणि चौथीच्या घरी यातले काहीच मानत नाहीत. शिक्षक गप्प राहिले तरी हा वर्ग रोज भरतोच.

आधी ‘काढूच नका’ हा पक्ष घेऊ. त्याचे म्हणणे साधार आहे. भूत लागले म्हणून माणसाला बांधून ठेवणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हे आपल्या राज्यात घडत आले आहे. येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय इथल्या सर्वांना माहीत असते. पण मन आजारी पडले की घरच्यांना आधी मांत्रिक आठवतो आणि डॉक्टर नंतर, असे आजही होते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला.

पण त्याच कायद्याने रेघ कुठे ओढली आहे ते पाहावे. भूत उतरवण्याच्या बहाण्याने मारहाण करणे, साखळदंडाने बांधणे, चटके देणे हा गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते सात वर्षे शिक्षा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर औषधोपचार रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हाही गुन्हा आहे. मात्र घरी, मंदिरात, दर्ग्यात, चर्चमध्ये केलेली, कोणाला शारीरिक इजा न करणारी प्रार्थना या कायद्याने स्पष्टपणे वगळली आहे. म्हणजे कायदा श्रद्धेला हात लावत नाही, इजेला लावतो. ‘सगळे थोतांड, विषय बंद’ म्हणणारा शिक्षक हाच भेद मुलांपासून लपवतो. मग आजारी भावासाठी दुवा मागणारी आई आणि त्याला साखळीने बांधणारा मांत्रिक मुलाला एकाच रांगेत उभे दिसतात.

घटनेची अडचण पुढे केली जाते, तिचेही उत्तर आहे. अनुच्छेद २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. पण एखाद्या धर्माची शिकवण देणे वेगळे आणि धर्मांविषयी माहिती देणे वेगळे, हा फरक कोठारी आयोगाने केला आणि २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केला. जिन्नावर विश्वास ठेवायला लावणे शाळेचे काम नाही. जिन्नाविषयी मुसलमान काय मानतात हे सांगता येते.

आता ‘सगळे एकच’ हा गोड पक्ष. तो जास्त लोकप्रिय आहे आणि माझ्या मते जास्त घातकही, कारण तो खोटा असूनही सज्जन वाटतो.

इस्लाममध्ये फरिश्त्यांवर विश्वास हा ईमानचा भाग आहे. परंपरेप्रमाणे ते प्रकाशापासून घडलेले आहेत आणि अल्लाहची आज्ञा मोडत नाहीत. जिन्न निराळे. कुराणानुसार ते धूर नसलेल्या अग्नीपासून निर्माण झाले. माणसासारखीच त्यांनाही निवड आहे, त्यांच्यात श्रद्धावंत आहेत आणि नाकारणारेही आहेत, त्यांचाही हिशेब होणार आहे. कुराणातल्या एका सूरेचे नावच ‘जिन्न’ आहे. तिच्यात जिन्नांचा एक गट कुराण ऐकून श्रद्धा ठेवतो. म्हणजे जिन्न हा मेलेल्या माणसाचा आत्मा नव्हे आणि प्रत्येक जिन्न दुष्टही नव्हे.

ख्रिस्ती शिकवणीत देवदूत हे देवाने निर्माण केलेले अशरीरी जीव आहेत. मरियेकडे निरोप घेऊन येणारा गब्रीएल त्यांच्यातला. माणूस मेल्यावर देवदूत होतो, ही समजूत चित्रपटांत दिसते, ती चर्चची शिकवण नव्हे. कॅथलिक घरांत रक्षक देवदूतांचा सण २ ऑक्टोबरला असतो. प्रोटेस्टंट मात्र देवदूत मानूनही त्यांची प्रार्थना करत नाहीत.

आपल्या लोकपरंपरेतला मुंजा या दोघांचाही कोणी लागत नाही. मुंज झालेला, पण लग्नाआधीच मेलेला मुलगा तो मुंजा. हडळ, समंध, जखीण हीसुद्धा कधीकाळची माणसेच, काहीतरी अपुरे राहिलेली. म्हणून तिथे श्राद्ध आहे, पिंड आहे, शांत आहे. फरिश्त्याला कोणी पिंड देत नाही, कारण तो कोणाचा पूर्वज नाही.

आणि बौद्ध घर? जुन्या पाली ग्रंथांत देव आणि यक्ष भेटतात, हे खरे. पण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. त्यांच्या धम्मविचारात अमर आत्म्याला जागा नाही. त्या घरातल्या मुलीला ‘सगळे धर्म आत्मे मानतात’ असे सांगणे म्हणजे तिच्या आजी-आजोबांनी समजून-उमजून घेतलेला निर्णय पुसून टाकणे.

यावर गांधीजींचा सर्वधर्मसमभाव पुढे केला जातो. तो विचार याच येरवड्यात लिहिला गेला. १९३० मध्ये येरवडा तुरुंगातून गांधीजी आश्रमवासीयांना दर आठवड्याला पत्र लिहीत, ती पुढे ‘मंगल प्रभात’ म्हणून प्रसिद्ध झाली. त्यांतल्या समभावावरच्या पत्रांत त्यांनी सगळे धर्म सारखेच बोलतात असे म्हटलेले नाही. सगळे धर्म माणसांच्या हातून आल्यामुळे अपुरे आहेत, म्हणून इतरांविषयी आदर ठेवताना दोषांकडे डोळेझाक नको आणि स्वतःच्या धर्माचे दोष तर आधी दिसले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे आहे. समभावाला भेद ओळखणारी नजर लागते.

मग शिकवायचे कसे? माझे उत्तर असे, की एक छोटा खरा उतारा घ्यावा आणि वयाला झेपतील असे प्रश्न विचारावेत. उतारा गांधीजींच्याच आत्मकथेतला चालेल. तिची हकिगत थोडक्यात अशी. लहानपणी मोहनला चोरांची, सापांची आणि भुतांची भीती वाटे. अंधारात जायची हिंमत होत नसे, दिवा असल्याशिवाय झोप येत नसे. घरातल्या रंभा नावाच्या जुन्या दाईने रामनाम घ्यायला सांगितले. मोहनचा तिच्या उपायापेक्षा तिच्यावर जास्त विश्वास होता, म्हणून त्याने ते सुरू केले; ते फार दिवस टिकले नाही, पण पेरलेले बीज वाया गेले नाही, असे ते पुढे लिहितात. हायस्कुलात असतानाही भीती होतीच. एक मित्र म्हणे, मी जिवंत साप हातात धरतो, भुते मानत नाही, आणि हे सगळे मांस खाल्ल्यामुळे. शेजारी झोपणाऱ्या कस्तुरबाला मात्र सापांची किंवा भुतांची भीती नव्हती. मोहनला याची लाज वाटे.

आठ ते दहा वर्षांच्या मुलांना गोष्टीत जे आहे तेवढेच विचारावे. मोहनला कशाकशाची भीती वाटत होती? त्याला रात्री दिवा का हवा असे? रंभाने काय सुचवले? तुला भीती वाटली तर घरात कोणाला सांगशील? या वयात अंगात येणे, झपाटणे, भूत उतरवणे यांचे वर्णन नको. प्रश्न संपतो आणि रात्रीची भीती उरते.

अकरा ते तेरा या वयात उताऱ्याला जिन्न, मुंजा आणि श्राद्ध यांविषयीची छोटी टीप जोडून फरक शोधायला लावावे. मोहनचा जास्त विश्वास कोणावर होता, रंभावर की तिच्या उपायावर? कोणत्या वाक्यावरून कळले? मुसलमान परंपरेतला जिन्न आणि लोककथेतला मुंजा यांत दोन फरक सांगा. बौद्ध घरात श्राद्ध का करत नाहीत?

चौदा ते सोळा या वयात कायद्याची टीपही जोडून युक्तिवाद तपासायचा. मित्राचा दावा होता, की मांस खाल्ल्यानेच भुतांची भीती जाते. कस्तुरबा शाकाहारी वैष्णव घरातली होती आणि तरीही निर्भय होती. मग त्या दाव्याचे काय उरते? मोहनला भीती वाटत होती, यावरून भूत होते असे सिद्ध होते का? पुढे भीती गेली, यावरून ते नव्हते असे सिद्ध होते का? आजाऱ्यासाठी दर्ग्यात दुवा मागणे आणि भूत काढायला त्याला बांधणे, यांत कायद्याने गुन्हा कोणता आणि का? पंधरा वर्षांच्या मुलाला हे प्रश्न सहज पेलतात. एका उदाहरणाने अख्खा नियम कसा कोसळतो, हे त्याला कस्तुरबाच्या निर्भयपणातून कळते.

प्रश्न बिघडतात ते ठरावीक ठिकाणी. ‘तू भूत मानतोस का?’ हा आकलनाचा प्रश्न नाही, ती झडती आहे. ‘कोणता धर्म जास्त शास्त्रीय?’ हा प्रश्न वर्गात भांडण लावतो. बिघाड ओळखायची खूणही सोपी आहे. मुले उताऱ्याकडे बघायचे सोडून शिक्षकांच्या चेहऱ्याकडे बघू लागली, किंवा एका धर्माचे मूल अचानक गप्प झाले, की प्रश्न चुकला. उत्तर घरात नव्हे, उताऱ्यात किंवा टिपेत सापडले पाहिजे आणि ‘कुराणानुसार’, ‘ख्रिस्ती परंपरेत’, ‘लोककथेत’ हे शब्द प्रत्येक वाक्यात हवेत.

श्रद्धाळू पालक विचारतील, यातून आमच्या मुलांची श्रद्धा कमी होईल का? विवेकवादी विचारतील, ती वाढेल का? श्रद्धा वाढवणे किंवा घटवणे हे दोन्ही त्या पाठाचे काम नव्हे. जिन्न म्हणजे काय हे बौद्ध घरातल्या मुलीने सांगितले आणि शेजारच्या मुसलमान मुलाला त्यात आपली गोष्ट नेमकी सापडली, श्राद्ध का करत नाहीत हे त्या मुलाने सांगितले आणि तिला ते आपले वाटले, की पाठ साधला. हे जमेपर्यंत ‘सगळे एकच’ या वाक्याला वर्गात जागा नाही आणि गप्प बसण्यालाही नाही.