पैठणीचा माहितीपट: दुभाषा कोणाचा माणूस?

पैठणला पैठणीवर माहितीपट करायला परप्रांतातून आलेला चमू अनेकदा साडी विक्रेत्याच्या ओळखीतलाच माणूस सोबत घेतो. गाडी, मुक्काम, परवानग्या यांसाठी तो उत्तम. पण माग मालकाचा असेल आणि मजुरीचा प्रश्नही याच माणसाच्या तोंडून गेला, तर विणकर मोकळेपणी बोलणार नाही. उत्तराआधी त्याची नजर दुभाष्याकडे वळली, की ओळखावे.

म्हणून माझ्या मते ही दोन कामे दोघांना द्यावीत. मजुरीचा विषय निघाला, की पहिल्याला चहाला पाठवावे!

दुसरी खूण उत्तराच्या लांबीची. ‘एका साडीला किती दिवस?’ असे विचारल्यावर विणकर पदरावरचे मोर सांगतो, प्रत्येक रंगाचा धागा हाताने वेगळा कसा गुंफावा लागतो ते सांगतो. दुभाषा म्हणतो, ‘काही महिने.’ साडी महाग का, तेच गळाले.

दुभाष्याने दिग्दर्शकाच्या खांद्याला लागून बसावे, दोन-तीन वाक्यांनंतर विणकराला थांबवून ‘मी’ म्हणूनच भाषांतर सांगावे. विणकर बोलत असताना कुजबुजू नये. तो आवाज ध्वनिमुद्रणातून नीट काढता येत नाही. त्याच संध्याकाळी फूटेज ऐकून सगळे उत्तर वेळेच्या नोंदीसह शब्दशः लिहून घ्यावे. मराठी न जाणणारा संकलक वाक्य कुठे कापायचे, ते त्या कागदावरूनच ठरवतो.