‘थोडं अंगावरून जाईल’ म्हणजे नेमकं किती? गर्भाशयमुखाच्या बायोप्सीनंतरचे दिवस समजून घ्या

गर्भाशयाच्या मुखाचा तुकडा तपासणीसाठी काढला की घरी जाताना बहुतेक महिलांना एकच वाक्य ऐकायला मिळतं : ‘थोडं अंगावरून जाईल, घाबरू नका.’ वाक्य चुकीचं नाही, पण त्यात माप नाही. थोडं म्हणजे किती आणि किती दिवस, हे कळत नाही. थोड्यापेक्षा जास्त गेलं तर फोन कुणाला करायचा, हेही त्यात नसतं. त्यामुळे एखादी महिला तपकिरी स्राव पाहून रात्रभर झोपत नाही, तर दुसरी पॅडमागून पॅड भिजत असताना ‘डॉक्टर म्हणालेच होते’ असं म्हणत घरी पडून राहते. दुसरी चूक जास्त महागात पडते. घरी सोडताना दिलेल्या कागदावर औषधांइतकंच ठळक हे मापही लिहिलेलं असायला हवं.

आधी कळायला हवं, काय काढलं?

बायोप्सी हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो.

पहिली म्हणजे पंच बायोप्सी. दुर्बिणीतून, म्हणजे कॉल्पोस्कोपीने पाहताना संशयास्पद जागेचे काही मिलिमीटरचे एक-दोन तुकडे चिमट्याने घेतात. काही मिनिटांचं काम असतं. पोटात पाळीसारखी कळ येते आणि ती बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी थांबते. रक्ताचे डाग काही दिवस, फार तर आठवडाभर दिसतात.

दुसरी म्हणजे कोन बायोप्सी. यात गर्भाशयमुखाचा शंकूच्या आकाराचा भाग काढतात. तो विजेच्या तापलेल्या तारेच्या फासाने काढला तर त्याला लीप म्हणतात. ब्लेडने काढला तर सहसा पूर्ण भूल लागते. इथे खरी जखम असते आणि ती भरायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून शेजारणीची बायोप्सी दोन दिवसांत विसरली गेली आणि आपलं तीन आठवडे थांबत नाही, ही तुलनाच चुकीची ठरते. दोघींच्या जखमा वेगळ्या आहेत.

काळा, पिवळा, गुलाबी : रंगांचा अर्थ

तुकडा काढल्यावर रक्त थांबवण्यासाठी त्या जागी लोहयुक्त औषध लावतात. त्याला मॉन्सेल द्रावण म्हणतात. ते रक्तात मिसळलं की काळपट होतं. पुढचे काही दिवस कॉफीच्या गाळासारखे काळे-तपकिरी कण किंवा मोहरीच्या रंगाचा घट्ट स्राव पॅडवर दिसतो. काही महिलांना तो सडलेला मांसाचा तुकडा वाटतो. प्रत्यक्षात ते औषध आणि जुनं रक्त असतं.

लीपनंतर पहिले काही दिवस गुलाबी किंवा लालसर पाणी जातं, मग तपकिरी, मग पिवळसर. हे दोन ते चार आठवडे चालू शकतं. जखमेचा हलका वास येतो. रात्री झोपेत रक्त योनीत साठून राहतं. त्यामुळे सकाळी उठून उभं राहिलं की एकदम थोडं जास्त जातं, एखादी छोटी गाठही पडते. त्यानंतर ते कमी झालं तर ते साठलेलं रक्त होतं. तसंच वाहत राहिलं तर मात्र ती वेगळी गोष्ट आहे.

दहाव्या दिवसाचं कोडं

लीप किंवा कोन बायोप्सीनंतर अनेक जणींना ठाऊक नसलेली गोष्ट ही, की रक्तस्राव दोनदा वाढू शकतो. पहिला त्याच दिवशी. दुसरा साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान, म्हणजे सगळं थांबत आलंय असं वाटत असताना.

कारण सोपं आहे. तापलेल्या तारेने भाजलेल्या जखमेवर खपली धरते. गुडघा खरचटल्यावर धरते तशीच. खाली नवी त्वचा तयार होऊ लागली की ही खपली सुटते. सुटताना खालची एखादी बारीक रक्तवाहिनी उघडी पडते. गर्भाशयमुखाला रक्तपुरवठा भरपूर असल्यामुळे बारीक वाहिनीही बरंच रक्त सोडू शकते. जखमेत जंतुसंसर्ग झाला असेल तर हा रक्तस्राव आणखी वाढतो.

अडचण अशी, की तोवर महिला कामाला लागलेली असते. दुसऱ्या दिवशी विश्रांती देणारं घरही दहाव्या दिवशी पाण्याचा हंडा उचलायला सांगतं. आणि सोडताना दिलेला कागद तोवर कुठेतरी ठेवून दिलेला असतो.

मोजायचं कसं? नवा पॅड आणि घड्याळ

‘दिवसात किती पॅड बदलले’ हे माप फसवं आहे, कारण काही जणी डाग पडला तरी बदलतात. खरं माप आहे एक पॅड पूर्ण भिजायला लागलेला वेळ. शंका आली की नेहमीच्या आकाराचा कोरा पॅड लावायचा, वेळ लिहून ठेवायची आणि तासाभराने पाहायचं. कापड वापरणाऱ्यांना हा अंदाज येत नाही. म्हणून बायोप्सीनंतरच्या महिन्यापुरते तरी बाजारातले पॅड घरात असावेत.

समजा, ३६ वर्षांच्या एका महिलेची सोमवारी लीप झाली. संध्याकाळी कळा आल्या, पॅरासिटामॉलने थांबल्या. बुधवारपर्यंत रोज दोन पॅड, तेही अर्धे लाल. पुढच्या सोमवारी फक्त तपकिरी डाग. गुरुवारी, म्हणजे दहाव्या दिवशी, दुपारी पुन्हा लाल रक्त दिसलं.

तिने चार वाजता नवा पॅड लावला. आठ वाजेपर्यंत तो अर्धा भिजला, रात्री कमी झालं आणि शुक्रवारी पुन्हा तपकिरी डाग. ही बहुधा खपली सुटल्याची खूण. त्या दिवशी आराम करायचा, वजन उचलायचं नाही आणि दवाखान्यात फोन करून सांगून ठेवायचं.

आता त्याच दुपारचा दुसरा प्रकार. चार वाजताचा पॅड पाचला पूर्ण भिजला, पाचचा सहाला. इथे ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही. लगेच फोन करायचा आणि निघायचं. चक्कर येत असेल, घाम फुटला असेल किंवा छाती धडधडत असेल तर एक तासही मोजत बसायचं नाही, १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवायची. आत कापूस किंवा कापड खुपसून रक्त अडवायचा प्रयत्न करू नये. त्याने रक्त थांबत नाही, फक्त दिसेनासं होतं, आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते.

दवाखान्यात डॉक्टर आत तपासून रक्त कुठून येतंय ते पाहतात. पुन्हा मॉन्सेल लावतात, जागा भाजतात किंवा गॉजची घडी दाबून बसवतात. क्वचित टाका घालावा लागतो. वेळेवर गेलं तर काम छोटं असतं. अंगातलं रक्त आधीच कमी असलेल्या महिलेने रात्रभर वाट पाहिली तर तेच काम मोठं होतं.

फोन कधी करायचाच?

- पॅड तासाभरात पूर्ण भिजतोय, किंवा लिंबाएवढ्या गाठी पडत आहेत.
- ताप १०० अंश फॅरनहाइटच्या वर जातोय किंवा थंडी वाजतेय. १००.४ ला तर नक्कीच.
- स्रावाला घाण वास येतोय, तो पूसारखा किंवा हिरवट झालाय.
- ओटीपोटातली कळ कमी होण्याऐवजी वाढतेय आणि गोळीने थांबत नाही.

वास आणि दुखणं यांत दिशा महत्त्वाची असते. बरी होणारी जखम कालच्यापेक्षा आज कमी दुखते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं उलटं वाढू लागलं तर ताप नसला तरी दाखवायला हवं.

एक उशिराची खूणही लक्षात ठेवावी. कोन काढल्यानंतरची पहिली पाळी थोडी जास्त जाऊ शकते, ते चालतं. पण पाळीची तारीख उलटून गेली, ओटीपोटात दर महिन्यासारखं दुखतंय आणि रक्त मात्र येत नाही, तर जखम भरताना गर्भाशयमुखाचं तोंड आकसलेलं असू शकतं. गर्भाची शक्यता तपासून डॉक्टरांना दाखवावं.

पथ्य कशासाठी?

जखम भरेपर्यंत टॅम्पॉन, मासिक पाळीचा कप, योनीत पाणी मारून धुणं आणि शरीरसंबंध टाळायचे असतात. पंच बायोप्सीनंतर बहुधा आठवडाभर, कोननंतर साधारण चार आठवडे किंवा डॉक्टर सांगतील तेवढे. खपलीला धक्का लागू नये आणि जंतुसंसर्ग होऊ नये, हे कारण आहे. अंघोळ चालते, पोहणं नाही. दुखल्यावर ॲस्पिरिन घेऊ नये, त्याने रक्त पातळ होतं. हृदयविकारासाठी ती रोज सुरू असेल तर स्वतःहून बंदही करू नये, बायोप्सीआधीच डॉक्टरांना सांगावं.

शरीरसंबंधाचं पथ्य फक्त पत्नीला सांगून पाळलं जात नाही. ते सांगताना नवराही समोर असायला हवा. अनेक घरांत ‘नको’ म्हणण्यासाठी तिला डॉक्टरांच्या शब्दाचा आधार लागतो.

कागदावर चार ओळी

एवढं सांगितलं तर महिला घाबरतील आणि तपासणीलाच येणार नाहीत, असा युक्तिवाद होतो. पण भीती आकड्याने वाढत नाही, अनपेक्षित रक्ताने वाढते. दहाव्या दिवशी लाल दिसू शकतं हे आधी माहीत असलेली महिला पॅड लावून घड्याळ पाहते. माहीत नसलेली कर्करोग पसरला असं समजते किंवा गप्प बसते.

गर्दीच्या ओपीडीत प्रत्येकीला पंधरा मिनिटं देता येत नाहीत हेही खरं. म्हणूनच छापील मराठी ओळी हव्यात : काय काढलं, स्राव किती दिवस, कुठल्या मापाला फोन करायचा आणि रात्री उचलला जाईल असा नंबर. सोबत अहवालाची तारीख. आणि दहाव्या दिवशी दवाखान्यातून किंवा आशाताईंकडून एक फोन. त्या फोनवर एकच प्रश्न पुरेसा आहे : ‘पॅड किती वेळात भिजतोय?’