मथळ्यात हप्ता कुठे आहे?

भाषांतराच्या टेबलावर एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो: इंग्रजी मथळ्यात जेवढं आहे तेवढं मराठीत आलं, काही गळलं नाही आणि काही वाढलं नाही, म्हणजे काम चोख झालं. मला हे मान्य नाही, आणि त्यासाठी चुकलेलं भाषांतर शोधायचीही गरज नाही. बिनचूक भाषांतरच घेऊ.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान वाशीमला आले होते. त्या कार्यक्रमाच्या इंग्रजी सरकारी प्रसिद्धिपत्रकातला मथळा शब्दाला शब्द ठेवून मराठीत आणला तर असा होतो: 'पंतप्रधानांच्या हस्ते महाराष्ट्रातील वाशीम येथे कृषी व पशुसंवर्धन क्षेत्राशी संबंधित सुमारे २३,३०० कोटी रुपयांच्या विविध उपक्रमांचा शुभारंभ'. व्याकरण ठीक, आकडा ठीक. आता हा मथळा वाशीमहून हिंगोलीकडे येताना लागणाऱ्या कनेरगाव नाक्यावर न्या. तिथला सोयाबीनवाला शेतकरी त्या दिवशी मोबाइलवर काय टाइप करत असेल? 'पीएम किसान १८ वा हप्ता', नाहीतर 'नमो शेतकरी हप्ता'. त्या लांबलचक मथळ्यात किसान नाही, नमो नाही, हप्ताही नाही. त्याच्या खात्याशी संबंध असलेली बातमी 'विविध उपक्रमां'च्या पोटात गडप झाली आहे.

त्या दिवशी प्रत्यक्षात घडलं ते असं. पीएम किसानचा अठरावा हप्ता देशभरातल्या सुमारे ९.४ कोटी शेतकऱ्यांसाठी सोडला गेला आणि त्याबरोबर राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचा पाचवाही. दोन्ही हप्ते प्रत्येकी दोन हजारांचे. म्हणून मी मथळा करीन तो असा: 'पीएम किसान १८ वा हप्ता आला, सोबत नमो शेतकरीचाही, दोन्ही मिळून ४,००० रुपये'. वाक्याचा कर्ता बदलला. इंग्रजीत पंतप्रधान काहीतरी 'लाँच' करतात. इथे हप्ता येतो. पंतप्रधान आणि वाशीम खालच्या ओळीत जातील, त्यांचं काही बिघडत नाही.

यावर शुद्धतावादी म्हणतील, 'पीएम' कशाला? 'प्रधानमंत्री किसान सन्मान निधी' लिहा. 'महापौर' नाही का रुजला? रुजला, आणि चांगलं झालं. पण तो कामकाजात आणि बोलण्यात वापरून रुजला. शेतकऱ्याला घाईने पैशांची खातरजमा करायची असताना त्याची परीक्षा घेऊन नव्हे. योजनेचं पूर्ण नाव बातमीत एकदा जरूर लिहा. मथळ्यात मात्र लोक ज्या नावाने तिची चौकशी करतात तेच हवं.

उलट्या टोकाला दुसरा पक्ष आहे, आणि तो मला जास्त धोकादायक वाटतो. त्यांचं म्हणणं, लोक इंग्रजीच शोधतात, म्हणून 'इन्स्टॉलमेंट', 'बेनिफिशियरी स्टेटस', 'एमएसपी' सगळं तसंच राहू द्या. शोधतात कोण? 'ई-केवायसी' आणि 'आधार लिंक' लोक शोधतात, कारण केंद्रावरचा मुलगा तेच शब्द उच्चारतो. पण एमएसपीला आपल्याकडे 'हमीभाव' आहे, क्रॉप इन्शुरन्सला 'पीक विमा', लँड रेकॉर्डला 'सातबारा'. हे कुणी कोशातून काढलेले नाहीत. मोंढ्यात आणि तलाठ्याकडे रोज चालतात. किमान आधारभूत किंमत लिहिणारा आणि एमएसपी लिहिणारा, दोघेही हमीभावाला बगल देतात. आणि शंका असेल तर गूगल ट्रेंड्समध्ये दोन्ही शब्द महाराष्ट्रापुरते शेजारी ठेवून बघता येतात. तेवढे कष्ट मात्र कुणी घेत नाही.

कारागिरीची एक अडचण खरी आहे. मराठी शब्द विभक्तीने अंग बदलतो: हप्ता म्हणता म्हणता 'हप्त्यासाठी' होतो, हळद 'हळदीला' होते. शोधयंत्र हे ओळखतंही, पण यादीवरून झरझर फिरणारी नजर टाइप केलेलं रूपच शोधते. म्हणून मुख्य शब्द एकदा तरी प्रथमेत, आणि शक्यतो सुरुवातीला ठेवावा, कारण लांब मथळ्याची शेपटी पडद्यावर कापली जाते. सुदैवाने आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे नाव पुढे आणायला वाक्य मोडावं लागत नाही. लेखनभेदांचंही तसंच. कुणी कनेरगाव लिहितं, कुणी कन्हेरगाव. एक रूप मथळ्यात, दुसरं मजकुरात, एवढं पुरतं. दोन्ही मथळ्यात कोंबली की तो मथळा न राहता पाटी होते.

'स्वतंत्र लिहायचं म्हणजे तथ्याशी खेळ' हा शेवटचा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. माझ्याच मथळ्यात 'सर्व शेतकऱ्यांच्या खात्यात ४,००० जमा' असं लिहिलं असतं तर शोधात तो कदाचित अधिक चालला असता, आणि खोटा ठरला असता. ई-केवायसी राहिलेल्याला हप्ता मिळत नाही, आणि चार हजार दोन्ही योजनांत पात्र असलेल्यालाच मिळतात. 'दोन्ही मिळून' हे दोन शब्द त्यासाठीच आहेत. जागा कमी पडली म्हणून उपसंपादकाने काही कापायचं असेल तर 'सोबत' कापावं, 'दोन्ही मिळून' नाही.